आधी सांगा, मग बाजूला व्हा: संचालकांची आचारसंहिता आणि तिचा भंग

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या बहुतेक भारतीय कंपन्यांना आपल्या संचालकांसाठी आणि वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी लेखी आचारसंहिता तयार करावी लागते. ती कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. वर्षातून एकदा प्रत्येक संचालकाने आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने ती पाळल्याचे लेखी कळवायचे असते आणि तसे सर्वांनी कळवले असल्याचे निवेदन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीने वार्षिक अहवालात छापायचे असते. भागधारकांना घरपोच किंवा ईमेलवर येणाऱ्या जाडजूड अहवालात हे निवेदन चार-पाच ओळींचे असते आणि बहुतेकांच्या नजरेतून ते सुटते. मात्र या ओळी खोट्या निघाल्या तर काय होते, याचे उत्तर मुंबईतल्या एका मोठ्या बँकेच्या प्रकरणाने तपशीलवार दिले आहे.

संहिता कोणासाठी

कंपनीच्या कारभाराविषयी सेबीने 2000 साली नोंदणी करारात 49 वे कलम घातले. 2003 मध्ये नारायण मूर्ती समितीने मंडळासाठी लेखी आचारसंहिता असावी अशी शिफारस केली आणि सुधारलेल्या 49 व्या कलमासोबत 1 जानेवारी 2006 पासून ती सक्तीची झाली. आज हीच तरतूद सेबीच्या 2015 च्या नोंदणीविषयक नियमावलीत आहे. 17 व्या नियमानुसार संचालक मंडळाने संहिता ठरवायची आणि 26 व्या नियमानुसार तिची दरवर्षी पुष्टी घ्यायची.

संहिता लागू होणाऱ्यांचे दोन गट आहेत. पहिला संचालकांचा. त्यात पूर्णवेळ संचालक येतात, तसेच महिन्या-दोन महिन्यांतून बैठकीपुरते येणारे स्वतंत्र संचालकही येतात. दुसरा गट वरिष्ठ व्यवस्थापनाचा. व्यवस्थापकीय संचालकाच्या लगेच खालच्या पायरीवरचे अधिकारी, खरेदी, विक्री, उत्पादन, मनुष्यबळ अशा विभागांचे प्रमुख, वित्तप्रमुख आणि कंपनी सेक्रेटरी हे सगळे त्यात मोडतात. पैसे कोणाला द्यायचे, माल कोणाकडून घ्यायचा, माणूस कोणता नेमायचा, हे ठरवणारे हात हेच असतात.

बहुतेक संहितांमध्ये नियमांची यादी सारखीच असते. कंपनीची गुपिते बाहेर सांगू नयेत, कंपनीची मालमत्ता खासगी कामाला वापरू नये, पुरवठादाराकडून ठरावीक रकमेपेक्षा मोठी भेट घेऊ नये, स्पर्धक कंपनीत पद घेऊ नये. आतली माहिती हाती असताना शेअरची खरेदी-विक्री करू नये यासाठी सेबीच्या 2015 च्या दुसऱ्या नियमावलीखाली वेगळी संहिता असते आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याने वेगळी अंतर्गत समिती असते. हे विषय आपापल्या वाटेने जातात. मूळ संहितेचा कणा असतो तो हितसंघर्षाचा नियम.

हितसंघर्ष म्हणजे काय

कंपनीच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाचा त्याच निर्णयात स्वतःचा किंवा आपल्या माणसांचा फायदा-तोटा गुंतलेला असेल, तर तो हितसंघर्ष. यात लबाडी झालेलीच असावी लागते असे नाही. खरेदीप्रमुखाच्या मेहुण्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असू शकतो. त्याची खोकी बाजारात सर्वांत स्वस्त आणि मजबूतही असू शकतात. तरीही दर ठरवताना खरेदीप्रमुख दोन्ही बाजूंनी बसलेला असतो आणि त्याने भाव नीट पाडून घेतला की नाही हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

कंपनी कायदा 2013 च्या 166 व्या कलमानुसार, कंपनीच्या हिताशी टक्कर होईल अशा व्यवहारात संचालकाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे अडकू नये. त्याने स्वतःसाठी किंवा नातेवाईक, भागीदार, सहकारी यांच्यासाठी गैरवाजवी लाभ मिळवला, तर त्या लाभाइतकी रक्कम त्याने कंपनीला भरायची असते. पण 'नातेवाईक' या शब्दाची कायद्यातली व्याख्या मर्यादित आहे. त्यात पती-पत्नी, अविभक्त हिंदू कुटुंबातले सदस्य, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण एवढेच येतात. मेहुणा, साडू, भाचा त्यात नाहीत. जिवलग मित्र तर नाहीच. म्हणून काळजीने लिहिलेली आचारसंहिता कायद्याच्या पुढे जाते. तिच्यात 'जवळचे आर्थिक किंवा कौटुंबिक संबंध' असे व्यापक शब्द असतात आणि प्रत्यक्ष संघर्षाबरोबरच, तिऱ्हाइताला संशय यावा अशी परिस्थितीही कळवायला सांगितलेली असते.

हितसंघर्ष असणे हा संहितेचा भंग नाही. पन्नाशी-साठीच्या अनुभवी माणसाची दहा ठिकाणी गुंतवणूक असते, मुले-जावई व्यवसायात असतात. भंग होतो तो संबंध लपवल्यावर किंवा तो माहीत असूनही निर्णयात भाग घेतल्यावर. त्यामुळे सगळ्या नियमांचा सार दोन पायऱ्यांत सांगता येतो: आधी सांगा, मग बाजूला व्हा.

सांगण्याची रीत

पहिल्या पायरीसाठी कागद ठरलेला आहे. कायद्याच्या 184 व्या कलमानुसार प्रत्येक संचालक पद स्वीकारल्यावर पहिल्या बैठकीत, त्यानंतर दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत आणि मध्ये काही बदल झाला तर लगेच पुढच्या बैठकीत आपले हितसंबंध लेखी देतो. नमुन्याचे नाव `MBP-1`. त्यात एक साधा तक्ता असतो: कंपनीचे किंवा भागीदारी संस्थेचे नाव, संबंध कोणत्या प्रकारचा, शेअर किती, संबंध केव्हा सुरू झाला किंवा बदलला. कंपनी सेक्रेटरी हे नमुने मंडळापुढे ठेवतो आणि जपून ठेवतो. संचालक नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना हा नमुना लागू नाही. ज्या मोठ्या व्यवहारांत त्यांचा वैयक्तिक संबंध आहे ते त्यांनी सेबीच्या नियमानुसार मंडळाला कळवायचे असतात.

दुसरी पायरी बैठकीच्या खोलीत घडते. विषयपत्रिकेवर सातवा विषय एका पुरवठादाराशी करार करण्याचा आहे आणि एका संचालिकेचा त्या पुरवठादार कंपनीत मोठा हिस्सा आहे, असे समजू. विषय पुकारला जाताच ती आपला संबंध सांगते, कागद मिटते आणि खोलीबाहेर जाते. चर्चा आणि मत तिच्याशिवाय होते. कंपनी सेक्रेटरी इतिवृत्तात तिने संबंध जाहीर केल्याचे, ती बाहेर गेल्याचे आणि निर्णय झाल्यावर परत आल्याचे नोंदवतो. त्या विषयापुरती ती गणपूर्तीत धरली जात नाही. पाच मिनिटांचे हे काम आहे. पुढे दहा वर्षांनी कोणी बोट दाखवले तर तिच्या बाजूने उभे राहतात ते इतिवृत्तातले हेच दोन-तीन शब्द.

या रचनेतली कमकुवत जागाही इथेच दिसते. संबंध आहे की नाही हे फक्त त्या माणसालाच ठाऊक असते. त्याने तक्त्यात ओळ रिकामी सोडली, तर कंपनी सेक्रेटरी, लेखापरीक्षक, बाकीचे संचालक यांच्यापैकी कोणालाच बाहेर जायला सांगता येत नाही. पुढचे सगळे पहारे त्या एका ओळीवर अवलंबून असतात.

तक्रार आल्यावर

भंगाची खबर बहुधा आतल्या माणसाकडून येते. कधी हिशेब तपासनिसाकडून, कधी नाराज पुरवठादाराकडून, कधी निनावी पत्राने. कायद्याच्या 177 व्या कलमानुसार नोंदणीकृत कंपनीला जागल्यांसाठी तक्रारव्यवस्था ठेवावीच लागते. तक्रारदाराचा छळ होणार नाही याची हमी तिने द्यायची असते आणि आवश्यक त्या प्रसंगी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे थेट जाण्याची वाट खुली ठेवायची असते. ही थेट वाट वरिष्ठांविरुद्धच्या तक्रारीसाठी फार मोलाची आहे. व्यवस्थापकीय संचालकाविरुद्धची तक्रार मनुष्यबळ विभागाकडे गेली, तर ती अखेर त्याच्याच टेबलावर पोचते. ऑडिट कमिटीत मात्र किमान दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र संचालक असतात आणि तिचा अध्यक्षही स्वतंत्र संचालकच असतो.

पुढची कामे क्रमाने करायची असतात. तक्रारीत तपासण्याजोगा तपशील आहे का ते आधी पाहायचे. असेल तर संबंधित ईमेल, फायली, मंजुरीचे कागद, फोन आणि संगणक यांच्या प्रती ताबडतोब सुरक्षित करायच्या, कारण चौकशीची कुणकुण लागल्यावर नोंदी नाहीशा होण्याचा धोका असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला चौकशीच्या काळात अधिकारापासून दूर ठेवायचे. चौकशी करणारा त्याच्या हाताखालचा नसावा, आणि ज्या वकिलांना किंवा सल्लागारांना त्याच्याकडून वर्षानुवर्षे काम मिळत आले तेही नसावेत. आरोप लेखी देऊन, कागद दाखवून, उत्तर द्यायला वेळ द्यायचा. निष्कर्षात झाले काय आणि संहितेचे कोणते कलम मोडले, हे वेगवेगळे लिहायचे. नंतर मंडळाने शिक्षा ठरवायची आणि जाहीर करण्याजोगी बाब असेल तर शेअर बाजाराला कळवायची.

क्रम सोपा वाटतो. प्रत्यक्षात आरोपी कंपनीचा चेहरा असतो तेव्हा मंडळाचे पाय जड होतात.

आयसीआयसीआय बँकेचे प्रकरण

2012 मध्ये वीसेक बँकांच्या गटाने व्हिडिओकॉन समूहाला सुमारे 40,000 कोटी रुपयांचे कर्ज मंजूर केले. त्यात आयसीआयसीआय बँकेचा वाटा 3,250 कोटी रुपयांचा होता. बँकेच्या प्रमुख तेव्हा चंदा कोचर होत्या. व्हिडिओकॉनच्या प्रवर्तकांचे कोचर यांच्या पतीच्या न्यूपॉवर या कंपनीशी आर्थिक व्यवहार झाले होते, असा आक्षेप एका गुंतवणूकदाराने 2016 मध्ये घेतला. 2018 च्या मार्चमध्ये वृत्तपत्रांतून हा विषय पुन्हा पुढे आला.

28 मार्च 2018 रोजी संचालक मंडळाने निवेदन काढले. बँकेची कर्जमंजुरीची पद्धत भक्कम आहे, एकूण कर्जात बँकेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी आहे, संबंधित कर्जसमितीच्या अध्यक्षस्थानी कोचर नव्हत्या आणि मंडळाचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, असा त्याचा आशय होता. यातली चूक आज स्पष्ट दिसते. कर्ज योग्य होते का, या प्रश्नाचे उत्तर मंडळाने दिले. विचारला गेलेला प्रश्न मात्र वेगळा होता: संबंध जाहीर केला होता का आणि त्या बाजूला झाल्या होत्या का? समितीचे अध्यक्षपद नसले तरी सदस्य म्हणून बसणे शिल्लक राहते. शिवाय स्वतंत्र चौकशीआधीच पूर्ण विश्वास जाहीर केल्यामुळे मंडळाने स्वतःचे हात बांधून घेतले.

दोन महिन्यांनी, 30 मे रोजी, बँकेने ऑडिट कमिटीच्या देखरेखीखाली स्वतंत्र चौकशी जाहीर केली आणि जूनमध्ये ती सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे सोपवली. 18 जून रोजी, चौकशी संपेपर्यंत कोचर रजेवर राहतील असे ठरले आणि संदीप बक्षी यांना मुख्य परिचालन अधिकारी नेमले गेले. कोचर यांच्या रजेच्या काळात ते थेट मंडळाला उत्तरदायी होते. इथून प्रकरण योग्य वाटेला लागले.

4 ऑक्टोबर 2018 रोजी कोचर यांनी मुदतीआधी निवृत्तीची विनंती केली आणि मंडळाने ती लगेच मान्य केली. एरवी अशा राजीनाम्याने चौकशी गुंडाळली जाते. माणूस गेला, विषय संपला, आणि निवृत्तीचे सगळे लाभ त्याच्याबरोबर जातात. बँकेने त्या दिवशीच्या निवेदनात एक वाक्य घातले होते: निवृत्तीचा चौकशीवर परिणाम होणार नाही आणि काही लाभ चौकशीच्या निकालावर अवलंबून राहतील. या वाक्याने पुढची दारे उघडी ठेवली.

30 जानेवारी 2019 रोजी चौकशी अहवालाचा निष्कर्ष जाहीर झाला. हितसंघर्ष हाताळण्यात आणि योग्य वेळी तो जाहीर करून बाजूला होण्यात कोचर कमी पडल्या, त्यामुळे बँकेच्या आचारसंहितेचा, हितसंघर्षविषयक चौकटीचा आणि विश्वस्ताच्या कर्तव्यांचा भंग झाला, असे त्यात म्हटले होते. बँकेची पद्धत संचालक स्वतःहून बाजूला होण्यावरच सर्वस्वी विसंबून होती, म्हणून वार्षिक माहिती देण्यातल्या हलगर्जीपणाने ती संपूर्ण पद्धतच निकामी झाली, असाही निष्कर्ष होता. तक्त्यातल्या त्या एका ओळीचे वजन याहून नेमके सांगणे अवघड आहे.

मंडळाने निवृत्तीला 'सकारण बडतर्फी' मानले. न दिलेले बोनस आणि वेतनवाढी, न वापरलेले शेअर पर्याय, वैद्यकीय सवलती हे सगळे रद्द झाले. एप्रिल 2009 ते मार्च 2018 या काळात दिलेले बोनस परत मागितले गेले. या निर्णयाने आपल्याला धक्का बसला असून बँकेत कर्जाचा कोणताही निर्णय एकट्याचा नसतो, अशी कोचर यांची बाजू होती. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मार्च 2020 मध्ये न्यायालयाने, हा खासगी बँकेशी असलेल्या नोकरीच्या करारातला वाद आहे, रिट याचिकेचा विषय नाही, असे म्हणून ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात बडतर्फी सकृद्दर्शनी वैध ठरवली. सीबीआयने जानेवारी 2019 मध्ये नोंदवलेला फौजदारी खटला वेगळा आहे. तिथल्या आरोपांचा निवाडा फौजदारी न्यायालयाने करायचा आहे. आचारसंहितेचा भंग सिद्ध होणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे आणि गुन्ह्याच्या निकालाची वाट पाहत कंपनीने थांबावे असेही नाही.

शिक्षा आणि तिच्या मर्यादा

वरिष्ठ अधिकारी हा कर्मचारी असतो. त्याला ताकीद, वेतनवाढ रोखणे, निलंबन किंवा बडतर्फी यांपैकी शिक्षा कंपनी देऊ शकते. संचालकाचे तसे नसते. मंडळ व्यवस्थापकीय संचालकाचे कार्यकारी पद काढू शकते, पण संचालकपद एरवी भागधारकांनीच काढायचे असते. 169 व्या कलमानुसार त्यासाठी विशेष नोटीस लागते, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि त्या संचालकाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणून मंडळ बहुधा राजीनामा मागते. एक अपवाद कायद्यातच आहे: 184 व्या कलमाखालचा हितसंबंध जाहीर न करणाऱ्याचे संचालकपद 167 व्या कलमानुसार आपोआप रिकामे होते.

पैशाची शिक्षा सर्वांत परिणामकारक असते, पण ती करारात आधी लिहिलेली असेल तरच टिकते. तिचे दोन प्रकार आहेत. अजून हाती न दिलेला बोनस किंवा शेअर अडवून धरणे हा पहिला, दिलेली रक्कम परत घेणे हा दुसरा. खासगी बँकांच्या प्रमुखांच्या वेतनात या दोन्ही तरतुदी असाव्यात असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. बाकीच्या कंपन्यांना त्या स्वतःहून नेमणूकपत्रात आणि शेअर पर्यायांच्या योजनेत घालाव्या लागतात. दिलेले पैसे वसूल करायला कोर्टकचेरी करावी लागते, त्यात वर्षे जातात. न दिलेले अडवणे एका ठरावाने होते. त्यामुळे बोनसचा काही भाग तीन-चार वर्षांत विभागून देणे हाच आचारसंहितेचा खरा आधार ठरतो.

निर्जीव संहिता कशी ओळखावी

संहिता कागदावरच आहे की चालती आहे, हे काही खुणांवरून कळते. दरवर्षी सगळ्यांचे `MBP-1` नमुने मागच्या वर्षीसारखेच, शब्दही न बदललेले, येत असतील तर ते कोणी वाचून भरत नाही. पाच वर्षांच्या इतिवृत्तांत एकही संचालक एकाही विषयाला बाहेर गेला नसेल, तर त्या मंडळात संबंध नसलेली माणसे आहेत यापेक्षा न सांगणारी माणसे आहेत ही शक्यता जास्त. जागल्यांच्या तक्रारींचा आकडा वर्षानुवर्षे शून्य असणे हेही मोठ्या कंपनीत शुभलक्षण नाही. जागरूक कंपनी सेक्रेटरी म्हणून दिलेल्या माहितीवर थांबत नाही. सरकारच्या कंपनी नोंदणी संकेतस्थळावर संचालकाच्या ओळख क्रमांकावरून त्याच्या इतर कंपन्या तपासता येतात. नवा पुरवठादार किंवा मोठा कर्जदार घेताना त्याच्या संचालकांची व मालकांची नावे आपल्या संचालकांनी दिलेल्या यादीशी ताडून पाहता येतात. नातेवाईकांची नावे मात्र त्या माणसानेच आधी दिलेली असावी लागतात, आणि तिथे पुन्हा त्याच्या सहीवरच विसंबावे लागते.